‘काही होत नाही’ या उत्तराच्या पलीकडे

रक्तदानाविषयीच्या भीतीला उत्तर देणारा छोटा व्हिडिओ बहुतेक वेळा एका वाक्यावर अडतो: ‘घाबरू नका, काही होत नाही.’ वाक्य दिलासा देणारं आहे, पण पूर्ण खरं नाही. सुई टोचते. काहींना चक्कर येते. रक्तातल्या पातळ द्रवाची भर एक-दोन दिवसांत होते, लोहाची भर व्हायला मात्र महिने लागतात. ज्याला ‘काही होत नाही’ असं सांगितलं त्याला खुर्चीवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तो पुढच्या वर्षी शिबिराकडे फिरकत नाही आणि शेजारच्या चौघांनाही थांबवतो. म्हणून अशा व्हिडिओचं पहिलं काम धीर देण्याचं नसतं. काय होतं, किती होतं, किती वेळ टिकतं आणि त्यावर काय करायचं, हे जसंच्या तसं सांगणं हे त्याचं काम. आवाज शांत ठेवायचा तो याच कारणासाठी. भीती खोटी ठरवण्यासाठी नव्हे, तर ती नेमकी किती मोठी आहे हे दाखवण्यासाठी.

दिल्लीच्या नैऋत्येची द्वारका ही या कामासाठी जणू तयार जागा आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने वसवलेली ही उपनगरी सेक्टरांत विभागलेली असून तिथली बरीचशी वस्ती सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांची आहे. क्लब हाउस, गेटवरचा फलक आणि सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप या तीन वाटांनी कोणतीही सूचना शेकडो घरांत पोहोचते. सरकारी नोकरीच्या, सैन्याच्या किंवा खासगी कंपन्यांच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबंही या सोसायट्यांत राहतात. शिबिराची तारीख ठरली की आठवडाभर आधी ग्रुपवर पोस्टर येतं, त्यावर लाल थेंबाचं चित्र असतं आणि ‘महादान’ हा शब्द असतो. ज्याच्या मनात सुईची भीती आहे त्याला त्या पोस्टरातून काहीच मिळत नाही. त्याच आठवड्यात त्याच ग्रुपवर तीन मिनिटांचा व्हिडिओ गेला, तर त्यात काय असावं, हे पाहू.

तीन मिनिटांत सावकाश बोललेले साडेतीनशेच्या आसपास शब्द बसतात. म्हणजे सगळ्या शंका घेणं शक्य नाही. चारच भीती घ्याव्यात: सुई आणि चक्कर, अशक्तपणा, रोगाची लागण, आणि ‘आपलं रक्त विकलं जातं’ हा संशय. एका वाक्यात एक गोष्ट, मग क्षणभर थांबणं, मग पुढचं वाक्य. गैरसमज मोठ्या अक्षरांत पडद्यावर लिहून त्यावर फुली मारण्याची पद्धत टाळलेली बरी, कारण घाईत पाहणाऱ्याच्या लक्षात मोठी अक्षरं राहतात, फुली राहत नाही. खरी गोष्ट आधी सांगावी आणि गैरसमजाचा उल्लेख ओझरता करावा.

अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठात क्रिस्टोफर फ्रान्स आणि जॅनिस फ्रान्स यांनी रक्तदात्यांच्या भीतीवर दीर्घकाळ काम केलं. दात्याच्या मनातल्या नेमक्या शंकांना उत्तरं देणारी आणि चक्कर टाळण्याची युक्ती शिकवणारी माहिती रक्तदानाआधी हातात दिली, तर चिंता कमी होते आणि रक्त द्यायची तयारी वाढते, असं त्यांच्या अभ्यासांत दिसलं. उपयोगी पडली ती युक्ती. नुसतं आवाहन करून हे साधत नाही. व्हिडिओचा सर्वांत मोठा भाग म्हणूनच चक्करेला द्यावा.

आधी सुई. रक्तदानाची सुई नेहमीच्या इंजेक्शनपेक्षा जाड असते, साधारण १६ गेजची, म्हणजे बाहेरून दीड मिलिमीटरहून थोडी अधिक. ती जाड असण्याला कारण आहे. बारीक सुईतून रक्त हळू वाहिलं तर ते नळीतच गोठू शकतं आणि लाल पेशी फुटू शकतात. ‘मुंगी चावल्यासारखं वाटतं’ असं म्हणण्याऐवजी व्हिडिओत सरळ सांगावं: ‘सुई टोचताना दुखतं. ते दुखणं काही सेकंदांचं असतं. सुई आत गेल्यावर दंड जड वाटतो, पण दुखत नाही. दुखत राहिलं, किंवा हाताला मुंग्या आल्या, तर लगेच सांगा. सुई काढली जाईल.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं. काहीही झालं तरी थांबता येतं हे कळलं की भीती निम्मी होते, आणि बोटांकडे जाणारी कळ मज्जातंतूला धक्का लागल्याची खूण असू शकते, तेव्हा दात्याने ती दडवणं योग्यही नाही.

आता चक्कर. निरनिराळ्या पाहण्यांत शंभर दात्यांपैकी साधारण एक ते पाच जणांना घाम फुटणं, मळमळणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणं असा त्रास होतो. पूर्ण शुद्ध हरपणं त्याहून बरंच विरळ. त्रास जास्त कोणाला होतो हेही माहीत आहे: पहिल्यांदा देणाऱ्यांना, तरुणांना, कमी वजनाच्यांना, उपाशी किंवा तहानलेल्यांना आणि फार घाबरलेल्यांना. रक्त कमी झाल्याने माणूस कोसळतो असा समज आहे, पण मुख्य कारण वेगळं आहे. भीती, वेदना किंवा रक्ताचं नुसतं दर्शन यांनी एक मज्जातंतू उद्दीपित होतो, हृदयाचे ठोके मंदावतात, पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्त खाली साचतं. मेंदूला काही क्षण रक्त कमी पडतं. आडवं केलं, पाय उंच ठेवले की बहुतेक माणसं मिनिटाभरात सावरतात. मूळ कारण रक्त जाणं हे नसल्यामुळेच काही जणांना सुई टोचण्याआधीच चक्कर येते, जेव्हा शरीरातून एक थेंबही गेलेला नसतो.

वजनाचा भाग उदाहरणाने कळतो. पुरुषाच्या शरीरात दर किलोमागे साधारण ७० मिलिलिटर रक्त धरतात, स्त्रीच्या ६५. साठ किलोच्या पुरुषात ते सव्वाचार लिटरच्या आसपास भरतं. त्यातून ३५० मिलिलिटरची पिशवी घेतली तर आठ टक्के रक्त गेलं. पन्नास किलोच्या बाईत सव्वातीन लिटर रक्त असतं, तिच्याकडून तीच पिशवी घेतली तर जवळजवळ अकरा टक्के जातं. दोघांनाही ते झेपतं. पण दुसरीने उठण्याआधी जरा जास्त वेळ पडून राहायला हवं, हे व्हिडिओने नावानिशी सांगावं. भारतातले नियमही याच हिशेबावर उभे आहेत: ४५ किलोच्या आत वजन असेल तर रक्त घेत नाहीत, आणि ४५० मिलिलिटरची मोठी पिशवी ५५ किलोच्या वरच्यांसाठीच असते.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही पडद्यावर करून दाखवण्यासारखे आहेत. पहिला पाण्याचा: रक्त देण्याआधीच्या अर्ध्या तासात दोन मोठे पेले, म्हणजे साधारण अर्धा लिटर पाणी. दुसरा पायांचा: खुर्चीवर पडल्या पडल्या मांड्या आणि पोटऱ्या पाच सेकंद घट्ट आवळायच्या, पाच सेकंद सैल सोडायच्या, आणि सुई निघेपर्यंत हे चालू ठेवायचं. स्नायू आवळले की पायांत साचू पाहणारं रक्त वर ढकललं जातं. पडद्यावर चेहरा नको, सुई नको, फक्त खुर्चीवरचे दोन पाय आवळताना आणि सैल होताना दिसावेत आणि आवाजाने पाच आकडे मोजावेत. पाहणारा सोफ्यावर बसून तेच करून बघतो. शिबिराच्या दिवशी त्याला ते आठवतं.

उशिरा येणारी चक्कर ही जास्त धोक्याची. चहा-बिस्किट घेऊन निघालेला माणूस जिन्यावर, मेट्रोच्या फलाटावर किंवा स्कूटर चालवताना कोसळू शकतो. दिल्लीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो. एसी असलेल्या क्लब हाउसमधून थेट त्या उन्हात पाऊल टाकणं म्हणजे सैलावलेल्या रक्तवाहिन्या आणखी सैल करणं. म्हणून या ओळी घाईने म्हणून चालणार नाही: ‘उठल्यावर पंधरा मिनिटं बसा. पाणी प्या. घरी जिन्याने नको, लिफ्टने जा. गरगरलं तर लाज न बाळगता जिथे असाल तिथे खाली बसा.’ वैमानिक, लांब पल्ल्याचे वाहनचालक अशांनी रक्तदानानंतर किमान चोवीस तास कामावर जाऊ नये, असा राष्ट्रीय निर्देशांचा सल्ला आहे. विमानतळ जवळ असलेल्या द्वारकेत हे वाक्य अनेक घरांना थेट लागू पडतं.

दुसरी भीती अशक्तपणाची, आणि इथे शिबिरांच्या पोस्टरांनीच गोंधळ वाढवला आहे. ‘दिलेलं रक्त चोवीस तासांत परत तयार होतं’ हे वाक्य जागोजागी दिसतं. परत भरतो तो रक्तातला पाण्याचा भाग, म्हणजे प्लाझ्मा. तोही एक ते दोन दिवसांत. लाल पेशी पूर्ववत व्हायला चार ते आठ आठवडे लागतात. त्या पेशींत असलेलं लोह अन्नातून परत मिळवायला त्याहूनही जास्त. ३५० मिलिलिटर रक्ताबरोबर दीडशे मिलिग्रॅमच्या पुढे लोह जातं, आणि रोजच्या जेवणातून शरीर फक्त एक-दोन मिलिग्रॅम शोषतं. अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात रोज थोडं लोह घेणाऱ्या दात्यांचे साठे सरासरी अडीच महिन्यांत भरले, तर गोळी न घेणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांचे साठे साडेपाच महिन्यांनंतरही भरलेले नव्हते.

हे सांगितलं तर लोक घाबरून मागे हटतील, अशी शंका आयोजकांना येते. पण हेच कळल्यावर दोन नियमांचा अर्थ लागतो. पुरुषांनी तीन महिन्यांनी आणि स्त्रियांनी चार महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचं, हे अंतर पाण्यासाठी नाही, लोहासाठी आहे. आणि रक्तदानाआधी हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅमच्या खाली असेल तर परत पाठवतात, तेही त्यामुळेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१ या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. म्हणजे शिबिराच्या टेबलावरून परत जाणाऱ्यांत बायका जास्त असणार हे ठरलेलंच. ‘तुमचं रक्त चालत नाही’ असं त्यांच्या कानावर पडलं तर तो अपमान वाटतो. व्हिडिओत आधीच सांगून ठेवावं: ‘आज परत पाठवलं तर ते तुमच्या भल्यासाठी आहे. डॉक्टरांना भेटा, रक्तक्षयाचं कारण शोधा, मग या.’

ही तपासणी कशी होते ते जवळून दाखवलं तर शंका उरत नाही. अनेक ठिकाणी आता बोटातल्या थेंबाचं हिमोग्लोबिन छोट्या यंत्रावर मोजतात. जुनी पद्धत मोरचुदाच्या गडद निळ्या द्रावणाची आहे. द्रावणाची घनता पाण्याच्या १.०५३ पट ठेवलेली असते. बोट टोचून घेतलेला थेंब त्यात सोडतात. हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त असेल तर थेंब जड असतो आणि पंधरा सेकंदांच्या आत तळाकडे जातो. कमी असेल तर तो मध्येच लोंबकळतो किंवा वर येतो. आकडा कळत नाही, फक्त ‘पुरेसं’ की ‘कमी’ इतकंच कळतं, आणि द्रावण शिळं झालं की उत्तरही चुकतं. तरीही कॅमेऱ्याने एकदा तो लाल थेंब निळ्यात उतरताना टिपावा.

आणखी एक मोह टाळायचा: रक्तदानाने हृदयविकार टळतो, चरबी जळते, त्वचा उजळते, असली आमिषं. यांतल्या कशाचाही ठाम पुरावा नाही. रक्त देणाऱ्याला त्यातून औषधासारखा काही फायदा होतो असं सांगायची गरजही नाही. ‘एका पिशवीने तीन जीव वाचतात’ हेही सावधपणे म्हणावं. पिशवीतलं रक्त फिरवून लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळे करता येतात आणि ते तीन वेगवेगळ्या रुग्णांना देता येतात, इतकं म्हटलं की पुरतं.

लागणीची भीती दोन बाजूंची असते, आणि त्या वेगळ्या ठेवायला हव्यात. पहिली: रक्त देताना आपल्याला एचआयव्ही किंवा कावीळ होईल का? याचं उत्तर निःसंदिग्ध आहे. सुई, नळी आणि पिशवी हे एकाच जोडणीत कारखान्यातून निर्जंतुक होऊन येतात. ते एकाच दात्यासाठी वापरतात आणि नंतर नष्ट करतात. दात्याच्या शरीरात बाहेरून काहीही सोडलं जात नाही. पिशवीत असतं ते रक्त गोठू न देणारं द्रावण, आणि ते पिशवीतच राहतं. व्हिडिओत बंद पाकीट फाडून पिशवी बाहेर काढतानाचं दृश्य असावं, आणि आवाज म्हणावा: ‘हे पाकीट तुमच्यासमोर उघडलं जातं. तसं झालं नाही तर विचारा.’

दुसरी बाजू घेणाऱ्याच्या सुरक्षिततेची. भारतात प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हेपटायटिस बी, हेपटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी कायद्याने सक्तीची आहे. ‘मग सगळं तपासतातच, प्रश्नावली कशाला?’ असं लोक विचारतात. कारण लागण झाल्यावर काही काळ ती चाचणीत दिसत नाही. एचआयव्हीची प्रतिपिंडं शोधणाऱ्या चाचणीत हा काळ साधारण तीन आठवड्यांचा असतो, विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीत साधारण दहा दिवसांचा. ती दुसरी चाचणी सगळ्या रक्तपेढ्यांत होत नाही. या मधल्या दिवसांत एकच गाळणी उरते, ती म्हणजे फॉर्मवर दात्याने दिलेलं खरं उत्तर. म्हणूनच ‘मोफत एचआयव्ही तपासणी होईल’ म्हणून शिबिरात येणं ही घातक गोष्ट आहे. तपासणी हवी असेल तर सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात ती मोफत आणि गोपनीय होते. गेल्या वर्षात गोंदवून घेतलं असेल, किंवा डेंग्यू होऊन सहा महिने झाले नसतील, तर तेही फॉर्मवर लिहायचं. रक्तदाबाची ठरलेली गोळी चालू असणं ही मात्र आपोआप नकाराची गोष्ट नाही. मधुमेह तोंडी औषधांनी आटोक्यात असेल तर डॉक्टर ठरवतात, इन्सुलिन घेणाऱ्यांनी देऊ नये. ही सगळी यादी व्हिडिओत वाचायची नाही. ‘लपवू नका, विचारा’ इतकंच म्हणायचं.

राहिला विक्रीचा संशय. तो हवेतून आलेला नाही. एके काळी देशात पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बऱ्याच रक्तपेढ्या चालत. मुंबईत लीला मूळगावकरांनी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या रक्तपेढीतून ऐच्छिक रक्तदानाची चळवळ उभी केली ती त्याच काळात. पुढे केंद्र सरकारने ए. एफ. फर्ग्युसन या संस्थेकडून रक्तपेढ्यांची पाहणी करून घेतली. १९९० च्या त्या अहवालात परवान्याविना चालणाऱ्या पेढ्या आणि तपासणीतली हेळसांड समोर आली. दिल्लीच्या ‘कॉमन कॉज’ या संस्थेने एच. डी. शौरी यांच्या पुढाकाराने तो विषय सर्वोच्च न्यायालयात नेला. ४ जानेवारी १९९६ च्या निकालातून राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषद उभी राहिली आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्याला बंदी आली.

मग पावती कसली? रक्त फुकट दिलं, तरी पिशवी, पाच तपासण्या, घटक वेगळे करणं, चार अंशांचा फ्रिज आणि प्रशिक्षित माणसं यांना खर्च आहे. तो प्रक्रिया शुल्क म्हणून घेता येतो आणि त्यावर परिषदेने कमाल मर्यादा घातली आहे. लाल पेशींच्या पिशवीसाठी ती सरकारी पेढीत ११०० आणि खासगी पेढीत १५५० रुपये आहे. या मर्यादेबाहेर काही आकारू नये, असं औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बजावलं. थॅलेसेमियासारख्या आजारात, जिथे आयुष्यभर रक्त लागतं, रक्त विनाशुल्क देण्याचे निर्देश आहेत. व्हिडिओत हे आकडे पडद्यावर द्यावेत, कारण संशय आकड्याने जातो, विशेषणाने जात नाही.

दिल्लीत या संशयाला आणखी एक धार आहे. मोठ्या रुग्णालयात नातेवाइकांना ‘डोनर लाओ’ असं सांगितलं जातं. उपचारासाठी लातूरहून किंवा जळगावहून आलेल्या कुटुंबाला शहरात ओळखीचं कोणी नसतं आणि मग दारात दलाल उभा राहतो. असा ‘बदली’ दाता पैशांसाठी आला असेल तर तो फॉर्मवर खरं लिहीत नाही, आणि चाचणीला न दिसणाऱ्या दिवसांचा धोका तिथेच वाढतो. सोसायटीतल्या शिबिरातून पेढीचा साठा आधीच भरलेला असेल तर त्या कुटुंबाला कोणाला शोधावं लागत नाही.

साठ्याचा काळही सांगावा, कारण शिबिर कधी घ्यायचं हे त्यावर ठरतं. साध्या द्रावणातल्या लाल पेशी ३५ दिवस टिकतात, गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर, प्लेटलेट मात्र सतत हलवत ठेवूनही पाचच दिवस. दिल्लीत डेंग्यूचा जोर पावसाळ्यानंतर, सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये असतो, नेमका दिवाळीच्या सुट्टीत दाते गावी गेलेले असताना. द्वारकेतल्या सोसायटीने एकच मोठं शिबिर १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय रक्तदान दिनी घेतलं, तर त्या प्लेटलेट ६ तारखेच्या पुढे वापरता येत नाहीत. त्याच दात्यांना तीन गटांत विभागून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन-दोन आठवड्यांनी बोलावणं पेढीच्या जास्त कामाचं. रक्तपेढीशी आधी बोलून तारखा ठरवल्या की हे सहज जमतं.

व्हिडिओतल्या शेवटच्या ओळी रक्तदानानंतरच्या दिवसांच्या: ‘पट्टी चार तास ठेवा. त्या हाताने आज जड उचलू नका. निळसर डाग पडला तर घाबरू नका, आठवड्याभरात जातो. सूज वाढत गेली तर दाखवा. आणि पुढच्या काही दिवसांत ताप आला, किंवा फॉर्मवर काही लिहायचं राहिलं असं वाटलं, तर पावतीवरच्या नंबरवर फोन करा. तुमची पिशवी रुग्णाला देण्याआधी बाजूला काढली जाईल. कारण कोणाला कळवलं जाणार नाही.’